एकाहत्तर नंबरची बाटली

फोन वाजला तेव्हा ताई लेबलांच्या नव्या रोलवर तोंडसुख घेत होत्या. छापखान्याने बारकोडच्या काळ्या रेघा इतक्या फिकट छापल्या होत्या की हातातल्या स्कॅनरला त्या दिसतच नव्हत्या. तीनदा दाबलं, तीनदा तो मुका राहिला. सोमवारी दुकानांच्या एका मोठ्या साखळीचा खरेदी अधिकारी येणार होता आणि त्याच्यासमोर असा रोल निघाला तर शोभा व्हायची. कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक शेड आणि अकरा बायका. पण भांडी घासायचा साबण मात्र नाव काढावं असा. त्या साखळीत शिरकाव झाला तर अकराच्या बावीस होतील, हे गणित ताईंनी मनाशी इतक्या वेळा मांडलं होतं की शेडमध्ये नवी कपाटं कुठे बसतील तेही ठरलं होतं.

फोनवर एक बाई होत्या. आवाज शांत, पण शब्द भराभर. त्या विषबाधा माहिती केंद्रातल्या फार्मासिस्ट होत्या. कुणाच्या पोटात भलतंच काही गेलं की लोक तिथे फोन करतात आणि त्या पुढे काय करायचं ते सांगतात. दीड वर्षाचं मूल एका बाटलीतला घोटभर द्रव प्यायलं होतं. घरात राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. बाटली आधीच्या भाडेकरूची, सिंकखाली राहून गेलेली. लेबल भिजून, घासून गेलं होतं आणि तळाशी फक्त बारकोडची पट्टी शिल्लक होती. आईने त्या रेघांखालचे तेरा आकडे फोनवर वाचून दाखवले. पहिल्यांदा घाईत एक आकडा चुकला. पण शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून हिशेबाने काढलेला असतो. त्यामुळे जुळणी बसली नाही आणि यंत्राने तो नंबर लगेच नाकारला. दुसऱ्यांदा वाचल्यावर बारकोड देणाऱ्या संस्थेच्या नोंदीत कंपनीचं नाव निघालं. ते ताईंचं होतं. वस्तूची माहिती लिहायचा रकाना कोरा होता, म्हणून त्यांनी फोन केला होता.

तो रकाना ताईंनी कधीच भरला नव्हता. करू, करू म्हणत राहूनच गेलं होतं.

फार्मासिस्टबाई म्हणाल्या, मूल आधी खूप रडलं, आता गप्प आहे, खेळण्याशी खेळतंय. आई दुसऱ्या फोनवर थांबली आहे. मोठं हॉस्पिटल तिच्या घरापासून दीड तासावर आहे. बाटलीत साधा साबण असेल तर तोंड पुसून घरीच लक्ष ठेवलं तरी चालेल.

"बाटलीत काय आहे, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या.

"साबणच," ताईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं. "भांड्यांचा, सौम्य. आम्ही दुसरं काही करतच नाही."

पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. ताईंना बरंही वाटलं आणि थोडा अभिमानही. आपल्या साबणाने कुणाचं वाईट होणार नाही याची त्यांना खात्री होती. लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, कशी भाजते हे त्यांच्या डाव्या मनगटावरचा पांढुरका डाग रोज सांगायचा. साबण करायला शिकताना कॉस्टिक सांडलं होतं, आणि त्या दिवसापासून पिंपाला हात लावायच्या आधी त्या दोनदा हातमोजे तपासत.

"आभारी आहे," फार्मासिस्टबाई म्हणाल्या. "नोंदीसाठी फक्त शेवटचे आकडे तुमच्या यादीशी जुळवून घ्या. सात, एक, चार."

टेबलावरच्या नंबरवहीकडे गेलेला ताईंचा हात तिथेच थांबला.

वही उघडायची गरजच नव्हती. पहिले दहा आकडे कंपनीचे, ते सगळ्या बाटल्यांवर तेच. पुढचे दोन वस्तूचे आणि शेवटचा तो तपासणीचा. ताईंच्या वस्तू एक ते तेवीस. चोवीसपासून पुढे वही कोरी, फक्त मध्येच एका पानावर पेन्सिलीने तीन ओळी होत्या: एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर. समोर लिहिलं होतं, "धाकटा".

धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याने नळ्या आणि मोऱ्या मोकळ्या करायचं औषध बनवायला घेतलं. दुकानदार म्हणाले, बारकोड नाही तर माल नाही. स्वतःची नोंदणी करायला त्याला कंटाळा. एकदा चहाला आला आणि म्हणाला, ताई, तुझ्याकडे शंभर नंबर पडून आहेत, तीन दे ना, कुणाला कळतंय. कंपनीचे नंबर दुसऱ्याला वापरायला द्यायचे नाहीत, हे नोंदणीच्या कागदावर ठळक लिहिलं होतं. पण भाऊ होता, आई होती मध्ये बोलायला, आणि ताईंनी दिले. आपल्या नंबरांत मिसळू नयेत म्हणून मुद्दाम लांबचे निवडले, आणि आपण केवढी काळजी घेतली म्हणून स्वतःवर खूशही झाल्या. बाटल्याही त्याने ताईंच्याच साच्यातल्या घेतल्या.

"जुळतंय ना?" फोनमधून प्रश्न आला.

हो म्हटलं असतं तर फोन तिथेच संपला असता. सोमवार झाला असता, अधिकारी आला असता, कपाटं बसली असती. एक लहानसा होकार. त्या क्षणी हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आल्याची शरम त्यांना नंतर कितीतरी दिवस छळत राहिली.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी चूक सांगितलं. तो साबण नाही."

"मग काय आहे?"

"मोरी मोकळी करायचं औषध. कॉस्टिक असणार. मुलाला उलटी करायला लावू नका. आधी आईला निघायला सांगा, बाकीचं मी शोधते."

फार्मासिस्टबाईंनी फोन चालूच ठेवायला सांगितलं. दुसऱ्या फोनवरचा त्यांचा आवाज अस्पष्ट येत होता: तोंड धुवा, उलटी नको, बाटली बरोबर घ्या, आत्ता निघा. मग त्या परत आल्या आणि म्हणाल्या, कॉस्टिक किती तीव्र आहे ते हॉस्पिटलला आधीच कळवायला हवं. पाच टक्के आणि तीस टक्के यांत फार फरक पडतो.

ताईंनी पॅकिंगच्या मावशींचा मोबाइल मागून घेतला आणि धाकट्याला लावला. तो गाडीवर होता, मागे हॉर्न वाजत होते. ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं. धाकट्याचा आवाज एकदम बारीक झाला. मग तो म्हणाला,

"ताई, साबण म्हणून सांग ना. तुझं नाव आहे, तुझ्यावर कोण शंका घेतंय? माझ्याकडे त्या मालाचा परवानाच नाही. मी बुडेन."

"किती टक्के आहे?"

"असेल दहा."

ताई कॉस्टिक ओळखत होत्या आणि धाकट्यालाही. लहानपणी फोडलेल्या प्रत्येक बरणीबद्दल तो आधी असंच "असेल" म्हणायचा. शिवाय पिंपं दोघांचीही एकाच व्यापाऱ्याकडून यायची. त्याची किती जातात आणि बाटल्या किती भरतात, याचा अंदाज ताईंना होता. दहात ते बसत नव्हतं.

"त्या मुलाच्या गळ्यात काय उतरलंय ते मला या डागामुळे माहीत आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तू आईची शपथ घालशील, मी ऐकेन आणि पुन्हा विचारेन. म्हणून तो वेळ वाचव. किती?"

मग धाकटा म्हणाला, "तीस."

ताईंनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि फार्मासिस्टबाईंना तो आकडा सांगितला. मावशी दारात उभ्या होत्या.

फार्मासिस्टबाईंनी आकडा पुन्हा म्हणवून घेतला. मग त्यांनी विचारलं, माल कुणाचा म्हणून लिहू?

"भरतो माझा भाऊ," ताई म्हणाल्या आणि त्याचं नाव, पत्ता, मोबाइल सांगितला. "पण नंबर माझा आहे, मी त्याला दिला. तोही लिहा. अजून बाहत्तर आणि त्र्याहत्तर आहेत. तेही साबण नाहीत."

नंतरचे चार तास ताईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी बारकोड संस्थेला फोन केला, तिन्ही नंबरांची खरी हकीकत सांगितली आणि पुढे होईल ते होऊ दे म्हटलं. खरेदी अधिकाऱ्यालाही कळवलं. तो म्हणाला की सोमवारचं येणं रद्द, आणि चौकशी होईपर्यंत त्यांच्या दहा आकड्यांनी सुरू होणारी कुठलीच बाटली साखळीत शिरणार नाही. यंत्राला बहीण-भाऊ कळत नाहीत, त्याला पहिले आकडे कळतात. ताईंनी वाद घातला नाही. शेडमध्ये त्या अकरा बायकांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. मावशींनी नंबरवही उचलून त्यांच्या हातात दिली, आणि ताईंना ते बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं.

सहाच्या सुमाराला फार्मासिस्टबाईंचा फोन आला. मूल वेळेत पोचलं होतं. दुर्बिणीने घसा पाहिला होता, तोंडात आणि वरच्या बाजूला भाजलंय, खाली फारसं पोचलं नाही. काही दिवस ठेवतील, पण भरून येईल असं डॉक्टर म्हणतात. ताई खुर्चीत बसल्या आणि रडल्या, फोन कानाला तसाच धरून.

बाई मग म्हणाल्या, "मी त्या आईला 'घरीच राहा' म्हणायला तोंड उघडलं होतं. शेवटचे आकडे मी निव्वळ सवयीने विचारते."

धाकटा अंधार पडायच्या आत आला. गाडीवर खोकी बांधलेली होती, दुकानांतून परत गोळा केलेली. तोंड रडवेलं, पण रागही होता. खोकी उतरवता उतरवता तो म्हणाला, बाटली माझी, औषध माझं, मग स्वतःचं नाव मध्ये घालून कारखाना कशाला घालवलास?

ताईंनी एक बाटली उचलून उलटी केली. लेबलावर मोठ्या अक्षरात धाकट्याचं नाव होतं, चकचकीत. अंगठ्याला थोडं पाणी लावून त्यांनी ते चोळलं, तर शाई हाताला आली आणि नाव निघून गेलं. खालच्या काळ्या रेघा तशाच राहिल्या.

"तिने मूल कडेवर घेऊन हे आकडे वाचले," त्या म्हणाल्या. "त्यातून तिला माझं नाव मिळालं. तुझं मिळालंच नाही."

ताईंनी बाटली खोक्यात ठेवली आणि पुढचं खोकं उतरवायला हात लावला.