एक वाजेपर्यंत

भिंतीकडं तोंड केलेलं टेबल. काट्यांचं घड्याळ. न धुतलेलं छोटं झबलं. दोन मजले खाली, घरमालकीण आवडाकाकूंच्या कपाटात एक फोन.

तलाठी परीक्षेसाठी संध्या शहरात खोली घेऊन राहिली होती. लेक मैत्री फुलंब्रीला सासूबाईंकडं. फोन जवळ असला, की लेकीचे फोटो बघण्यात सकाळ सरायची. मन आवरेना, म्हणून तिनं फोनच लांब ठेवला. एक वाजेपर्यंत तो काकूंकडं. घरून लागोपाठ दोनदा वाजला तरच हाक मारायची.

अकराला ती खाली आली. "आला का?"

"दहाला एकदाच वाजला. चढ वर! नियम तुझाच हाय ना, बाई?"

ती चढली. झबलं हुंगून तिनं गणितं सोडवली.

एकला तिनं फोन लावला, तेव्हा मैत्री झोपली होती.

सासूबाईंनी सांगितलं, मैत्री आज पहिल्यांदा चालली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.