अचलपूरचे मुंबईकर

मला राग लवकर येतो, हे मी आधीच सांगून टाकते. कारण या गोष्टीत जे बिघडलं, त्यात माझ्या रागाचाही वाटा आहे.

मूल या तालुक्याच्या गावी आमच्या बायकांच्या संघाचं एक गोदाम आहे. तिथून आम्ही ‘रानहाट’ नावाचं ऑनलाइन दुकान चालवतो. बांबूच्या टोपल्या, जंगलचा मध, मोहाचे लाडू, हातसडीचा तांदूळ. साइटचं सगळं मी पाहते. मोहर्लीचा लोकेश ती बांधतो आणि दुरुस्त करतो. माल बांधून, त्यावर पत्त्याची चिठ्ठी लावून कुरियरला द्यायचं काम सात बायकांचं, आणि त्या सातजणींची प्रमुख गोकुळाबाई.

श्रावणात संघाचे सचिव देवाजीभाऊ गोदामात आले आणि उभ्याउभ्याच बोलले, “रश्मीताई, दोन वर्षं झाले. महिन्याले चाळीस ऑर्डर. नागपूरचा व्यापारी सारा माल एकगठ्ठा न्याले तयार हाये. बारा दिवसांनी मिटिंग हाये, तिथी हा विषय घेऊन राह्यलो.”

“मग पॅकिंगच्या बाया?” मी विचारलं.

“व्यापारी त्याच्या गोदामात पॅकिंग करते.”

सातजणींचे हात थांबले. गोकुळाबाईंच्या घरी गावच्या मामा तलावावरच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावावरच्या मासेमारीवर चार महिने निघतात, बाकीचे आठ महिने या गोदामावर. बाकीच्या सहाजणींचंही फार वेगळं नव्हतं.

देवाजीभाऊंना भांडून उपयोग नव्हता. ते वाईट माणूस नाहीत, फक्त आकडा दाखवल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. म्हणून त्याच दुपारी मी लोकेशला मोहर्लीहून बोलावून घेतलं. लोक दुकानात येतात कुठून, काय पाहतात, कुठे रेंगाळतात आणि पैसे भरायच्या आधी कुठल्या पायरीवरून परत जातात, हा सगळा रस्ता भिंतीवर काढायचा ठरवला.

चार मोठे कागद जोडून आम्ही पायऱ्या लिहिल्या. साइट उघडली. वस्तू पाहिली. टोपलीत टाकली. पत्त्याचं पान उघडलं. पत्ता भरून पुढे गेले. डिलिव्हरीचा खर्च पाहिला. पैसे भरले. प्रत्येक पायरीवर किती माणसं पोचली ते लोकेशने काढलं. आकडे बायकांनाही दिसावेत म्हणून दहा माणसांमागे एक टिकली चिकटवायची असं ठरलं, आणि गोकुळाबाईंनी बाजारातून टिकल्यांची पाकिटं आणली. साइटवर आलेल्यांना ती पाकिटं पुरली नसती, म्हणून मोजणी टोपलीपासून सुरू केली.

महिन्याभरात टोपलीत माल टाकणारे तीनशे दहा. एकतीस टिकल्या. पत्त्याचं पान उघडणारे दोनशे चाळीस. चोवीस टिकल्या. पत्ता भरून पुढे गेलेले पन्नास. पाच टिकल्या. आणि पैसे भरणारे एक्केचाळीस.

“भाडं!” देवाजीभाऊ दुसऱ्या दिवशी कागद पाहून म्हणाले. “डिलिव्हरीचं भाडं पाहून पळतात लोक. मी पह्यलेच सांगतलं होतं.”

मीही तेच म्हणत होते, पण मग भिंतीवरच्या पायऱ्या पुन्हा नीट वाचल्या. भाडं पिनकोडवरून ठरतं, म्हणून ते पत्ता भरल्यानंतरच दिसतं. एकशे नव्वद माणसं त्याच्या आधीच्या पायरीवर गळत होती. त्यांनी भाडं पाहिलेलंच नव्हतं. जे भाड्यापर्यंत पोचले त्यातले बहुतेक पैसे भरून मोकळे झाले होते.

“भाऊ, ही गळती पत्त्यापाशी आहे,” मी म्हणाले.

“पत्त्यात काय हाये गळायले? नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. पोरगंही भरते.”

ते खरंच होतं. ते पान मीच आखलं होतं. लोकेशने भरून पाहिलं होतं, त्याच्या आईने, माझ्या बहिणीने भरून पाहिलं होतं. कुणाला काही अडलं नव्हतं. पाच दिवस मी लोकेशच्या मागे लागले. मोबाइलवर पान नीट दिसतं का, बटण दबतं का, रेंज कमी असताना अडकतं का. सगळं ठीक. मग राग काढायला कुणीतरी हवं म्हणून मी बायकांवर घसरले, कारण टोपल्याही त्याच विणतात. “फोटोत टोपलीचे काठ वाकडे दिसतात, लोकांचं मन शेवटी बदलतं,” असं काहीबाही बोलून गेले. गोकुळाबाई खाली मान घालून चिठ्ठ्या चिकटवत राहिल्या. याची मला आजही लाज वाटते.

टोपली भरून गेलेल्यांचे फोन नंबर आमच्याकडे होते, कारण ओटीपीसाठी ते आधीच द्यावे लागतात. मी अकराजणांना फोन लावला. सगळे गोड बोलले. “नंतर घेऊ म्हटलं,” “कामात होते,” “आता आठवत नाही.” माणूस दुकानातून का निघून गेला, हे त्याला दोन आठवड्यांनी कुठून आठवणार?

मिटिंगला पाच दिवस उरले होते. मी भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले होते. पॅकिंग आटोपून गोकुळाबाई झाडू मारत होत्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, “गोकुळाबाई, तुम्हाला काय वाटतं? या पाच टिकल्या कोण असतील?”

त्यांनी झाडू बाजूला ठेवला. “मले विचारून राह्यल्या?”

“हो, तुम्हालाच.”

त्या आत गेल्या आणि एक जाडजूड वही घेऊन आल्या. पार्सलवर लावलेल्या प्रत्येक चिठ्ठीची एक प्रत त्या वहीत चिकटवून ठेवत. माझ्या कॉम्प्युटरवर मी फक्त पिनकोड आणि फोन पाहायचे. पूर्ण पत्ता डोळ्यांखालून जायचा तो त्यांच्याच.

“हे पाहा. या बाई मुंबईच्या, दादरच्या. तालुका अचलपूर. हे भाऊ बंगलोरचे. तालुका अचलपूर. हे हैदराबादचे, अचलपूर. हे पुण्याचे, अचलपूर. मले पह्यले वाटलं, अचलपूरचे लोक नोकरीसाठी सारे बाहेर गेले असन. पण इतके? एका महिन्यात चवदा हायेत.”

मी वही हातातून ओढूनच घेतली. उरलेल्या सत्तावीस चिठ्ठ्या ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड, वरोरा, उमरेड, आर्वी. सगळी आपल्यासारखी माणसं, ज्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी तालुका सांगतील.

आमच्या पानावर तालुका भरणं सक्तीचं होतं. इंग्रजी यादीतून निवडायचा, आणि यादी फक्त महाराष्ट्राची. त्या यादीत सगळ्यात वरचं नाव अचलपूर.

मी दादरच्या बाईंना लगेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला. विनंती केली की फोन चालू ठेवूनच पुन्हा एकदा लाडू मागवा आणि करताना काय मनात येतं ते बोलत राहा. बाई हौशी होत्या. टोपली झाली, नाव झालं, आणि मग त्या हसायला लागल्या.

“हां, हेच ते! तालुका. अहो, मी इथे चाळीस वर्षं राहते, माझा तालुका कुठला मला काय माहीत? मागच्या वेळी मिस्टरांना विचारलं, त्यांनी वॉचमनला विचारलं. शेवटी पहिलं नाव दाबलं एकदाचं. माझ्या जावेने तर सोडूनच दिलं. म्हणाली, चुकीचा पत्ता टाकून लाडू भलतीकडे गेले तर?”

मुंबई शहर जिल्ह्यात तालुकाच नाही, हे मला त्या दिवशी लोकेशने शोधून सांगितलं. नसलेली गोष्ट मी लोकांकडे मागत बसले होते.

आणि ती सक्ती माझीच होती. आमचं गाव नवेगाव. आमच्या आसपासच्या दोन जिल्ह्यांत नवेगावं किती, ते टपालवाल्यालाच विचारावं. माझ्या एका नोकरीच्या परीक्षेचं पत्र दुसऱ्या तालुक्यातल्या नवेगावला गेलं आणि परीक्षा झाल्यावर हाती आलं. तेव्हापासून ज्या पत्त्यात तालुका नाही त्याला मी पत्ताच मानत नव्हते. लोकेश सुरुवातीला म्हणाला होता, “ताई, सक्ती नको ठेवू.” मी त्याच्यावर ओरडले होते.

“गोकुळाबाई, हे अचलपूर तुमच्या ध्यानात कधी आलं?”

“पोळा झाला तवापासून. मागच्या सालच्या.”

“वर्ष झालं! मग बोलल्या काऊन नाही?”

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. “तुम्ही कवा विचारलं? आन् बोललो असतो तं तुम्ही म्हटलं असतं, चिठ्ठ्या चिकटवा, डोकं नका चालवू. एकडाव म्हटलं होतं तसं.”

म्हटलं होतं. मला ते आठवतही नव्हतं, त्यांना आठवत होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

लोकेशने त्याच संध्याकाळी पान बदललं. आता पिनकोड आधी, त्यावरून शहर आणि राज्य आपोआप भरतं. तालुक्याचा रकाना ठेवला, पण ‘खेड्यातला पत्ता असेल तर’ असं लिहून, सक्ती काढून. बदल दिसायला दिवस हवेत म्हणून मी देवाजीभाऊंकडून मिटिंग तीन दिवस पुढे ढकलून घेतली. त्यासाठी आवाज चढवावा लागला नाही, वही दाखवली तेवढं पुरलं.

आठ दिवसांत सत्तर जणांनी पत्त्याचं पान उघडलं आणि अठ्ठेचाळीस पुढे गेले. ऑर्डरी एकोणतीस. पूर्वी तेवढ्या दिवसांत दहा-अकरा व्हायच्या. कुरियर यायच्या दिवशी सातजणी तिन्हीसांजेपर्यंत बांधत होत्या आणि कुणाची तक्रार नव्हती.

मिटिंगला संघाच्या चाळीसेक बायका आणि देवाजीभाऊ. भिंतीवर जुना कागद आणि शेजारी नवा. मी उभी राहिले आणि आधी जे सांगायचं ते सांगितलं. “दोन वर्षं लोक माझ्यामुळे परत गेले. तालुक्याची सक्ती माझी होती. आणि गोकुळाबाईंना वर्षभर माहीत होतं, पण मी त्यांना कधी विचारलं नाही. वर त्यांच्याच टोपल्यांना नावं ठेवली.”

सभेत चुळबुळ झाली. देवाजीभाऊ चष्मा पुसत म्हणाले, “चूक तं मोठी हाये, ताई.”

“मोठी हाये,” गोकुळाबाई मागून म्हणाल्या, “पण सापडली ना? व्यापाऱ्याले माल देला असता तं सापडलीच नसती.”

देवाजीभाऊ कागदापाशी गेले. टिकल्या बोटाने मोजल्या, जुन्या आणि नव्या. मग वळून म्हणाले, “व्यापाऱ्याले मी नाई सांगून देतो. सहा महिने पाहू. पण दर महिन्याले हे आकडे सभेत सांगाचे, आन् ते गोकुळाबाईनं सांगाचे. वही तिच्याजवळ हाये.”

गोकुळाबाई लाजल्या, पण उठल्या. पदर खोचून कागदापाशी गेल्या आणि डिलिव्हरीच्या खर्चाच्या पायरीवर बोट ठेवलं. “पत्त्यावरून आता लोक जातात. पण अठ्ठेचाळीस इथी येऊन राह्यले आन् एकोणीस इथूनच परत जाऊन राह्यले. भाऊ म्हणत होते ते भाडं, ते आता नडून राह्यलं.”

“पाहा!” देवाजीभाऊ खूश झाले. “मंग काय कराचं?”

गोकुळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ सभेकडे पाहून म्हणाल्या, “त्या एकोणीस लोकायले आज दुपारीच फोन लावू. दोन आठवडे झाले का कोणालेच आठवत नाई. रश्मीताई नंबर काढून देतीन, बोलन मी.”