मृत्यू-दाव्याचं पान

विमा कंपनीच्या वेबसाइटची पानं चौघं लिहायची आणि ती चार घरची वाटायची. "आज सगळ्यांचा सूर एक झाला नाही, तर काम बाहेर देतो," साहेबांनी बजावलं होतं. संपादक बाईंनी लेखनाच्या मार्गदर्शिकेत घाईघाईने लिहिलं: सोपं, आपुलकीचं, उत्साही. दुपारी धाकट्या लेखिकेने मृत्यूनंतरच्या दाव्याचं पान दाखवलं. 'चला, पटकन दावा करूया!'

बाईंनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. "अगं, नवरा गेलेली बाई वाचणार हे."

"ताई, उत्साही तुम्हीच म्हणालात."

खरंच होतं ते. बाईंचा भाऊ गेल्यावर वहिनीने एकटीने सगळे कागद निस्तरले होते. बाईंनी तिलाच फोन लावला.

"गोडगोड नको होतं गं," वहिनी म्हणाली. "कुठला कागद, कुणाकडे द्यायचा, एवढं सांगायचं."

बाईंनी 'उत्साही' खोडलं. सूर आपलाच, पण वाचणाऱ्याची अवस्था बघून बोला, असं लिहून प्रत्येक नियमाखाली 'असं नको' आणि 'असं हवं' अशी वाक्यं घातली. मग चौघांनी तेच पान एकमेकांचं न बघता लिहिलं.

साहेबांना कुठलं कुणाचं ते ओळखता येईना. "बाकीची पानं?"

"राहिलीत," बाई कशाबशा म्हणाल्या.

"सोमवारपर्यंत थांबतो. पुढे नाही."