रुग्णाशी नाते

विद्युल्लताबाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेनं त्यांना शाल, श्रीफळ आणि लॅमिनेशनचं यंत्र दिलं होतं. शाल कपाटात गेली, श्रीफळाच्या वड्या झाल्या, आणि यंत्र गेली अकरा वर्षं बेळगावातल्या त्या तीन खोल्यांच्या घरात एकट्या बाईंची नेमानं सोबत करत होतं. रेशनकार्ड, पेन्शनचा आदेश, यजमानांच्या मृत्यूचा दाखला, गॅसचं पुस्तक, सगळं त्यातून निघालं होतं. त्यामुळे जानेवारीत खुब्याचं हाड मोडून, आत पट्टी आणि स्क्रू बसवून त्या दवाखान्यातून घरी आल्या, तेव्हा वॉकर धरून चालता यायला लागल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते बिलं लॅमिनेट करण्याचं.

त्यातली चार बिलं काळी पडली. पूर्ण काळी, नव्या पाटीसारखी.

"बाई, हे काय केलासा?" भरमानं विचारलं. भरमा कंग्राळीचा. कोपऱ्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. सातवीत बाईंच्या हाताखाली होता आणि पन्नाशीला आला तरी दुकानात बाई आल्या की उभा राहायचा.

"जपून ठेवली."

"ही गरम मशीनीवर छापत्यात बाई. परत ऊब लागली की सगळी काळी. आता ह्यावर खडूनं लिवायचं काय?"

"लिवायचं नाही, लिहायचं."

"व्हय बाई," म्हणून भरमानं संगणकावर राघवेंद्रची मेल उघडली.

राघवेंद्र हा बाईंचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कंपनीत. कंपनीच्या सामूहिक विम्यात आईवडलांची सोय होती. दवाखाना विमा कंपनीच्या यादीत नसल्यामुळे बाईंनी ठेव मोडून दोन लाख चौतीस हजार आधी भरले, आणि आता ते परत मागायचे होते. मागायचे राघवेंद्रच्या खात्यातून. प्रत्येक कागद त्याच्याकडे जायचा आणि तो पुढे विमा कंपनीच्या साइटवर चढवायचा. तो कागद चढवायचा, वाचायचा नाही. आईनं पाठवलं म्हणजे बरोबरच असणार, हा संस्कार बाईंनीच लहानपणी केला होता.

मेलमध्ये विमा कंपनीचं पत्र होतं. तिसरं आणि शेवटचं स्मरणपत्र. पंधरा दिवसांत कागद न आल्यास दावा बंद. भरमानं वाचून दाखवलं. "एक, औषधांची बिलं वाचता येत न्हाईत, दुकानाचा शिक्का-सही असलेली दुसरी प्रत पाठवा. ते मेडिकलवाला काढून देतोय, त्याच्या संगणकात असतंय. दोन, आत बसवलेल्या पट्टीचं स्टिकर आणि तिचं बिल. स्टिकर दवाखान्याच्या फायलीत चिकटवलेलं असतंय. तीन, दवाखान्यातल्या सगळ्या केसपेपरांची शिक्क्याची प्रत. आणि चार..." भरमा थांबला.

"वाच."

"डिस्चार्जच्या कागदावर पडल्याची वेळ सकाळी साडेसहा. तुमच्या फॉर्मवर दुपारी एक, शेजारीण जयाबाई हजर होत्या. फरक का, ते स्वतःच्या सहीनं लिवून... लिहून द्या. दाखल व्हायला उशीर का झाला तेबी. साक्षीदार असल्यास त्यांचं लेखी म्हणणं."

बाई दुकानाच्या पाटीकडे बघत राहिल्या. पाटीवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन नावं होती आणि तिन्हींचा रंग उडाला होता.

"घाई झाली असेल डॉक्टरांची," त्या म्हणाल्या.

हेच त्यांनी राघवेंद्रलाही सांगितलं होतं. "मग तसं लिहून दे ना आई, जयाबाईंची सही घे आणि पाठव," असं तो रविवारी म्हणाला होता. रविवारी दहा मिनिटं तो बोलायचा. त्यात "जयाबाई आहेत ना?" हे एक वाक्य ठरलेलं. जयाबाई शेजारी आहेत, भिंतीला भिंत आहे, हाक मारली की येतात, म्हणून तर आई बेळगावात राहू शकत होती. नाहीतर पुण्यात चौदाव्या मजल्यावर तिच्यासाठी एक खोली रंगवून तयार होती. बाईंनी तिचा फोटो बघितला होता. भिंत फिकट जांभळी. खिडकीतून समोरच्या इमारतीचा चौदावा मजला दिसत होता.

फक्त जयाबाई दिवाळीतच लेकीकडे निपाणीला गेल्या होत्या, कायमच्या. घराला कुलूप होतं. हे राघवेंद्रला सांगायचं राहून गेलं होतं. आधी चार दिवस राहून गेलं, मग राहूनच गेलं. ऑपरेशनला तो धावत आला तेव्हाही कुलूप बघून त्यानं विचारलं होतं, आणि बाईंनी "मला इथं पोचवून कालच गेल्यात निपाणीला, येतील" असं सांगितलं होतं. भूल दिलेल्या माणसाचं कुणी खोटं धरत नाही.

घरी येऊन त्यांनी निपाणीला फोन लावला.

"अगं विद्युल्लता!" जयाबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. "लई बरं झालं बघ फोन केलीस. हितं सगळी आपापल्या खोलीत. नातू कानात ते घालून बसतोय. बोल, काय देऊ लिहून?"

बाईंनी सांगितलं.

"देते की! सही काय, अंगठा पण देते. किती वाजता आले मी?"

"एक वाजता."

"एक न्हाय गं, साडेबाराला आले असंल. आमटी द्यायला. तू मोरीत आपटल्याचा आवाज आला, मी वाटी टाकून पळत... वाटी फुटली असं घालू? काचेची?"

"स्टीलची घाल. फुटायला नको."

"मग मी तुला उशी दिली डोक्याखाली. पाणी पाजलं. अॅम्ब्युलन्समधी माझा हात सोडत नव्हतीस."

"नव्हते सोडत," बाई म्हणाल्या.

अर्धा तास असा गेला. आमटी कटाची होती हेही ठरलं. फोन ठेवल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच लागली आहे. उद्याच्या निपाणी-बेळगाव गाडीच्या कंडक्टरकडे जयाबाई पाकीट देणार होत्या.

दुसऱ्या दिवशी बाई रिक्षानं दवाखान्यात गेल्या. मेडिकलवाल्यानं चार बिलं पुन्हा छापून शिक्का मारला, आणि "आता फ्रेम करू नका" म्हणाला. पट्टीचं बिल मिळालं. रेकॉर्ड विभागातल्या माणसानं अर्ज घेतला, फी घेतली, जेवायला गेला, जेवून आला आणि एकसष्ट पानांची शिक्के मारलेली प्रत दिली. सहाव्या पानावर पट्टीचं स्टिकर होतं. सगळं घेऊन त्या भरमाकडे आल्या. तोवर बस स्टँडवरून जयाबाईंचं पाकीटही भरमानं आणून ठेवलं होतं.

भरमा एकेक पान स्कॅन करत होता. दुसऱ्या पानावर तो थांबला. पान त्यानं बाईंकडे फिरवलं.

भरती करतानाचा कागद होता. पडल्याची वेळ सकाळी साडेसहा, ठिकाण मोरी. आणल्याची वेळ दुपारी एक पंचेचाळीस. सोबत आलेल्याचं नाव यल्लाप्पा, खाली सही. रुग्णाशी नाते या रकान्यात त्या बापड्यानं बराच विचार करून लिहिलं होतं: मीटर रीडर.

"बाई," भरमा हळू म्हणाला, "जयाबाईंचं पत्र ह्याच्यासोबत गेलं, तर खोटी माहिती दिली म्हणून दावाच फेटाळतील. पैसं बी जातील आणि नाव बी. केसपेपर तर मागितल्यात, ते द्यायलाच लागणार."

"माहीत आहे."

"मग दावा सोडून द्यायचा?"

बाईंनी हिशेब केला. सोडून दिला तर दोन लाख चौतीस हजार जाणार, आणि का सोडला हे राघवेंद्र विचारणार. खरं लिहिलं तर पैसे येतील, पण कागद त्याच्या हातातून जाईल. तो वाचत नाही, पण ह्या वेळी पत्रातच लिहिलं होतं की फरकाचं कारण द्या.

"कागद दे," त्या म्हणाल्या. "रेघांचा."

पस्तीस वर्षं त्यांनी मुलांना अर्ज लिहायला शिकवलं होतं. विषय, संदर्भ, कारण, आपली विश्वासू. इंग्रजीत त्यांनी लिहिलं, की सहा जानेवारीला सकाळी साडेसहाला मी घरातल्या मोरीत घसरून पडले. उठता आलं नाही. फोन स्वयंपाकघरात होता. घरात मी एकटीच राहते. फॉर्मवर दुपारची वेळ आणि शेजारणीचं नाव मी चुकीचं लिहिलं. शेजारचं घर दिवाळीपासून बंद आहे. पहिला तासभर मी तरीही शेजारणीला हाका मारल्या, सवयीनं. दुपारी एकच्या सुमारास वीज मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या गृहस्थांना आवाज ऐकू गेला. त्यांनी शेजाऱ्यांची कडी वाजवली, अर्थात दार उघडलं नाही, मग मागचं दार मोडलं आणि रिक्षा बोलावली. उशिराचं कारण हेच की त्याआधी कुणी आलं नाही. पोलीस प्रकरण नाही. साक्षीदार नाही.

मधल्या वेळात वेळ जावा म्हणून आपण सत्त्याऐंशी सालच्या सातवी ब ची हजेरी पाठ म्हटली, हेही त्यांनी लिहिलं होतं. मग विमा कंपनीला त्याचा उपयोग नाही म्हणून खोडलं. खोडलेलंही वाचता येत होतं. भरमानं वाचलं.

"माझा नंबर तेवीस," तो म्हणाला.

"तू गैरहजर होतास. तू नेहमीच गैरहजर असायचास."

भरमानं नवा कागद काढून दिला, बाईंनी पत्र स्वच्छ उतरवून सही केली. जयाबाईंचं पत्र त्यांनी पर्समध्ये ठेवलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं आणि आमटीवरच सात ओळी होत्या.

स्कॅन केलेले कागद गेले. मूळ प्रती कुरिअरनं गेल्या. बाई घरी आल्या, वॉकर भिंतीला टेकवला आणि खुर्चीत बसल्या. त्यांनी दिवाही लावला नाही.

साडेसातला फोन वाजला. मंगळवार होता.

"आई."

"मिळालं सगळं?"

"चढवलं."

"वाचलंस?"

"हो." पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. "आई, मीटर किती तारखेला वाचायला येतात?"

"पाच-सहा तारखेला. कधी सातला."

"महिन्यातून एकदा."

"हो. नेमानं येतात पण. चांगला माणूस आहे, अज्जी म्हणतो."

राघवेंद्रनं घसा साफ केला. बाईंना वाटलं, आता जांभळी खोली येणार. त्या सरळ बसल्या. नकाराची वाक्यं त्यांनी विषय-संदर्भासकट तयार ठेवली होती.

"त्या दिवशी सकाळी," तो म्हणाला, "मी तुला 'सुप्रभात' पाठवलं होतं. फुलाचं चित्र. तू उत्तर दिलं नाहीस. माझ्या लक्षातच आलं नाही."

"मी कधीच देत नाही रे त्याला उत्तर."

"तेच." तो म्हणाला, "मी शनिवारी येतो."

"दाव्याचं काय झालं?"

तो बघत असावा. बटणांचा आवाज आला. "कागदपत्रे प्राप्त. पडताळणी सुरू."

"म्हणजे पेंडिंगच."

"पेंडिंगच."

"बरं," बाई म्हणाल्या. रविवारी इथं फोन ठेवला जायचा. त्यांनी ठेवला नाही. तिकडूनही कुणी ठेवला नाही. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती.