चंदनबालाचा समुद्र

कॉलेजनं मला तीन महिन्यांची अभ्यासरजा दिली तेव्हा मी त्रेपन्न वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी पोरांना उत्पादन नियोजन शिकवतो. दोन कामांच्या मध्ये मोकळा वेळ सोडावा, नाहीतर एक अडलं की पुढचं सगळं अडतं, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

रजा नोव्हेंबर ते जानेवारी. बायकोला, चंदनबालाला, म्हटलं, तीन महिने सावकाश फिरू. धावपळीची टूर नको. एकेका मुलखात महिनाभर मुक्काम करायचा, तिथल्या बाजारातून भाजी आणायची, कंटाळा येईपर्यंत राहायचं. एक मुलूख तिनं निवडावा.

तिनं विचार करायलाही वेळ घेतला नाही. "मला समुद्रातनं सूर्य वर येताना बघायचाय. आपल्याकडं कोकणात नुसता बुडतोय. आन उगवतीला मी कायम चुलीपाशी."

म्हणून ओडिशातलं गोपाळपूर ठरलं. किनाऱ्यावरच्या एका घराची वरची खोली तीस दिवसांसाठी मिळत होती. त्याआधी कुमाऊंचे डोंगर आणि आसाम-मेघालय, हे माझे दोन मुलूख. मी तिचा समुद्र शेवटी ठेवला. गोड शेवटी खावं, असं मला वाटलं. शिवाय सगळी विश्रांती शेवटी एकगठ्ठा घेता येईल, हाही हिशेब होता.

माझा दोस्त पृथ्वीराज उंब्रजचा. फौजेत चोवीस वर्षं गाड्यांच्या ताफ्याबरोबर काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. मी भिंतीवर लावलेला तक्ता त्यानं कमरेवर हात ठेवून वाचला.

"सर, ह्यात हॉल्ट कुठं हाय?"

"शेवटी. पूर्ण महिना."

"तसं न्हाई चालत. आमी लांबच्या मजलेनंतर दुसऱ्या दिशी गाड्या हलवत नव्हतो. गाडीला चालतंय वो, माणूस मोडतंय. आन वयनींचा समुद्र मधी घ्या. पयला डोंगर, मग समुद्र, मग अंगात जीव ऱ्हायला तर आसाम. वाट जरा वाकडी पडंल, पडू द्या. शेवटी ठेवल्यालं हातातनं निसटतंय, गड्या."

मी हसलो. फौजेचं वेगळं आणि आमचं वेगळं, असं काहीतरी म्हणालो. त्या दिवशी त्याचं ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

सांगलीहून दिल्ली दीड दिवसाची गाडी. दिल्लीत एक दिवस पडून राहायचं ठरलं होतं, पण काठगोदामची गाडी त्याच रात्री मिळत होती, म्हणून पुढे निघालो. अल्मोड्याजवळ आठ दिवस छान गेले. चंदनबाला पायरीवर बसून बर्फाची शिखरं बघायची आणि घरमालकिणीकडून पहाडी डाळ शिकायची. ती म्हणाली, "हितंच ऱ्हाऊया की पंधरा दीस." पण मला कोणीतरी मुनस्यारीबद्दल सांगितलं. इतक्या लांब आलोच आहोत तर, असं म्हणून मी गाडी ठरवली. दिवसभर वळणंच वळणं. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आजचा दिवस थांबूया का?"

थांबलो. फक्त रात्री मी तक्ता काढला आणि तो दिवस गोपाळपुरातून वजा केला. तिच्यासमोर आणि मोठ्यानं. "कुठून तरी काढायलाच पाहिजे ना," असंही वर म्हणालो. मुनस्यारीनंतर आणखी दोन गावं आली. तिसाचे बावीस झाले, बाविसाचे चौदा. घरमालकाला फोन करून तारीख पुढे ढकलताना मला जराही वाईट वाटलं नाही. मी नियोजन करत होतो!

त्यानंतर ती थांबूया म्हणालीच नाही. मला वाटलं, बाईला प्रवासाची सवय झाली.

डिसेंबरात आसामला पोचलो. आम्ही जैन. मी कधीचा सैल झालोय, कॉलेजच्या कँटीनमध्ये काहीही खातो. चंदनबाला मात्र दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नाही, आणि कांदा, लसूण, बटाटा तिला चालत नाही. सांगलीत डिसेंबरातही सहापर्यंत उजेड असतो. तिकडे साडेचारलाच सूर्य बुडतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. भूगोल मला येतो. फक्त तक्ता करताना मी गावं आणि अंतरं मांडली, तिचं जेवण कुठेच मांडलं नाही.

सकाळी नऊला निघायचं, वाटेत ढाब्यावर थांबायचं. तिथं बटाट्याशिवाय भाजी नसायची, मग ती दही-भात नाहीतर दोन केळी खायची. मुक्कामाला पोचेपर्यंत अंधार. मी विचारायचो, "काही खाणार?" ती म्हणायची, "भूक न्हाई." घरून आणलेल्या दशम्या केव्हाच संपल्या होत्या. शिलाँग, चेरापुंजी, पुन्हा गुवाहाटी, काझीरंगा. मी फोटो काढत होतो. फोटोत ती बारीक होत चालली होती आणि मला ती तरुण दिसतेय असं वाटत होतं. असला आंधळा मी.

जोरहाटच्या लॉजमध्ये दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जाणाऱ्या होडीची वेळ विचारून मी वर आलो, तर ती जिन्यात भिंत धरून बसलेली. चेहरा पांढरा फटक. डॉक्टरनं रक्तदाब बघितला, वजन केलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "या जेवतात कधी?"



पंधरा दिवस पूर्ण विश्रांती, असं त्यांनी सांगितलं. मी लगेच म्हटलं, मग सरळ गोपाळपूरला जाऊ, तिथं विश्रांतीच आहे. चंदनबालानं डोळे मिटूनच मान हलवली. "तितं जायला इमान, मग रेल्वे, मग आनि गाडी. माज्यात न्हाई आता ताकद. घरी चला."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीत होतो. रजा महिन्याहून जास्त उरली होती. ती झोपायची, मी पाच वाजता ताट वाढून तिच्यापुढे धरायचो. गोपाळपूरचा घरमालक मधूनमधून फोन करून विचारायचा, कधी येताय? शेवटी मीच नाही म्हणून कळवलं.

आता दीड वर्ष झालंय. अशी रजा नोकरीत पुन्हा मिळत नाही, आणि लांबच्या प्रवासाचं नाव काढलं की चंदनबाला विषय बदलते. मागच्या आठवड्यात पृथ्वीराज आला होता. तो एका शब्दानंही मागचं काढत नाही, ते आणखी लागतं. तो गेल्यावर मला राहवलं नाही. मी तिला विचारलं, जे इतके दिवस विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"रोज उपाशी झोपत होतीस. एकदा तरी सांगायचंस. मी थांबलो नसतो का?"

ती गवार मोडत होती. हात थांबले नाहीत.

"थांबला असता की. म्हणूनच न्हाई सांगितलं. दर वेळी तुमी थांबला की माज्या समुद्रातला एक दीस जात हुता. चौदाच ऱ्हायले हुते."