फोटोतले खाली सोडलेले हात

फाल्गुनातलं ऊन उतरत होतं. पिवळं, पातळ, थकलेलं. त्याच्यासोबत दत्तोबा रेळेकरांच्या शिलाई मशीनवर एक थकलेली आठवण उतरली: सुमतीच्या पत्राची.

बावीस वर्षांपूर्वी त्या नवरीने पत्रात ब्लाउजच्या गळ्याचं चित्र काढून विचारलं होतं, ‘जमेल ना?’ असा गळा खांद्यावर टिकणार नाही, हे दत्तोबांना कळलं होतं. पण नाही म्हणायला ना जीभ उचलली, ना लेखणी. मुकाट शिवून दिला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत सुमतीचा डावा हात उजव्या खांद्यावर होता; तिथे जणू पाखरू बसलं होतं आणि ते उडून जाईल, अशी तिला भीती होती.

आज पुन्हा पत्र. नाशिकच्या हेमांगीचं. तिची आई मोरपंखी कापड आणि मापाचा जुना ब्लाउज ठेवून गेली होतीच.

‘काका, तुमच्याकडे साधा फोन, म्हणून फोटो छापून पाठवतेय. माझ्या अंगातल्या ब्लाउजचा रंग आणि गळा मोबाइलवर बदललाय. पुढून रुंद, मागून अकरा इंच खोल. अगदी अस्साच हवा हं! नाहीतर बोहल्यावर रुसून बसेन.’

तीन फोटो. मोरपंखी, मृदुल, निर्दोष. पाठीवर गळा चंद्रकोरीसारखा झुकलेला.

दत्तोबांनी भिंग धरलं. हेमांगीच्या खांद्यामागची दाराची चौकट पाण्यातल्या काठीसारखी वाकली होती. गळा ओढताना चौकटही ओढली गेली होती. खांदाही थोडा ओढला गेला असणार. अशा फोटोवरून माप कसं घ्यावं?

आणि तिन्ही फोटोंत हात खाली. शांत, सैल, खाली.

“पोथी वाचावी तसं काय वाचताय?” त्यांच्या पत्नी यमुनाबाईंनी चहा ठेवला.

“हार घालायला हात वर केले, की खांदा घसरेल.”

“मग कळवा की तिला!”

“मी चुकत असलो तर?”

“चाळीस वर्षं गळे कापताय, आणि एका पोरीला घाबरताय?”

ते हसले. थकून, पण हसले. मग लेखणी उचलली. दोन कागद फाटले. तिसरा टिकला.

‘चि. हेमांगीस अनेक आशीर्वाद. गळा सुंदर आहे. पण पुढून रुंद आणि मागून खोल, दोन्ही एकदम केलं तर खांद्याला धरायला काही उरत नाही. पाठ तुझ्या मनासारखी अकरा इंच ठेवतो. पुढचा गळा दोन्हीकडून अर्धा इंच आत घेतो, आणि मानेखाली चार बोटांवर दोरी लावतो. आधी साध्या मांजरपाटाच्या कापडाचा नमुना शिवून पाठवतो. तो घालून, हार घालताना करशील तसे हात वर कर. खांदा हलला तर कळव. तोवर मोरपंखी कापडाला कात्री लावणार नाही. हे आधी एकदा सांगायचं राहिलं होतं, म्हणून आज सांगतो.’

संध्याकाळी ते लाल पेटीपाशी उभे राहिले. पाकीट आत, बोटं बाहेर, क्षणभर तशीच. मग बोटं सुटली.

रिकामा हात खाली आला. आणि दूर कुठेतरी, बावीस वर्षं खांद्यावर थांबलेला एक हात, हळूच, खाली आला.