कार्डावरचा डी

निशिगंधाने चिठ्ठी उघडली, त्यात बायप्रिझम निघाला, आणि मला हायसं वाटलं. आदल्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगात तिचं सर्किट चाललंच नव्हतं. आज निम्म्याच्या वर गुण पडले नाहीत तर ती प्रॅक्टिकलमध्ये नापास. मागच्या वर्षी टायफॉइडमुळे तिची परीक्षा बुडाली होती. यंदाही राहिली तर जोतिबावरचं नारळ-गुलालाचं दुकान सांभाळायचं, असं घरच्यांनी तिला स्वच्छ सांगितलेलं होतं. चैत्रातली यात्रा होऊन चारच दिवस झाले होते. नखांच्या कडांना गुलाबी रंग तसाच घेऊन ती परीक्षेला आली होती.

बायप्रिझममध्ये आमच्या कॉलेजात कुणी नापास होत नाही. ती सोय माझ्या वडिलांनी, आबांनी, करून ठेवलेली. ते याच प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहाय्यक होते. मी इथंच शिकले, इथंच प्राध्यापक झाले. निवृत्तीनंतरही ते अधूनमधून येऊन भिंगं पुसून जायचे. जानेवारीत गेले. तेव्हापासून डार्करूमचा काळा पडदा सारून आत जायचं मी टाळत होते. परीक्षेत टाळता येत नाही. अंतर्गत परीक्षक मीच.

आतली खोली दहा बाय आठ. खिडकीला काळा कागद, पंखा बंद, कारण वाऱ्याने पडदा हलतो. टेबलावर दीड मीटरचा लोखंडी बेंच. एका टोकाला सोडियमचा पिवळा दिवा, त्याच्यापुढे केसाएवढी फट, मग बायप्रिझम, दुसऱ्या टोकाला डोळा लावायचा आयपीस, आत एक उभी तार. बायप्रिझम म्हणजे दोन अगदी चपटे लोलक पाठीला पाठ लावल्यासारखी एक काच. तिच्यातून पाहिलं की एका फटीच्या जागी दोन फटी असल्याचा भास होतो. त्या दोन भासांचा उजेड एकमेकांवर पडतो आणि आयपीसमध्ये उजळ-काळे उभे पट्टे दिसतात. पट्ट्याची रुंदी, दोन आभासी फटींमधलं अंतर, आणि फटीपासून आयपीसपर्यंतचं अंतर. पहिल्या दोन्हींचा गुणाकार करून तिसऱ्याने भागलं की उजेडाची तरंगलांबी मिळते. आबा मुलांना सांगायचे, "दिवे दोन्ही खोटे, पण त्यांच्यातलं अंतर खरं."

ते खरं अंतर, म्हणजे डी, मोजणं हे किचकट काम. त्यासाठी मध्ये एक भिंग ठेवावं लागतं, ते दोन जागी सरकवून दोन्ही वेळा प्रतिमा मोजाव्या लागतात. अंधारात अर्धा तास जातो. म्हणून आबांनी फटीची आणि बायप्रिझमची जागा लाल रंगाने कायमची आखून दिली होती आणि भिंतीवर एक कार्ड लावलं होतं. 'डी = १.६८ मिमी'. बाकी आकडे घ्यायचे, डी कार्डावरचा टाकायचा. उत्तर पाच हजार आठशे ऐंशी अँगस्ट्रॉम. पुस्तकात पाच हजार आठशे त्र्याण्णव. कोण नापास करणार?

निशिगंधाला हे ठाऊक नव्हतं. वर्गाबरोबर तिने हा प्रयोग केलाच नव्हता. दुकानात बसून पुस्तकातून वाचला होता. आल्या आल्या तिने हंबीररावांना, म्हणजे आबांच्या हाताखाली तयार झालेल्या आताच्या सहाय्यकांना, विचारलं, "भिंग कुठाय? आणि एक रॉड लागंल."

"रॉड? कुणाला बडवायचं हाय?"

"बेंच करेक्शनला. पट्टी बरोबर दाखवती का बघायला. पुस्तकात दिलंय."

"पुस्तकात लई काय काय असतंय. रॉड-बिड न्हाय हितं. भिंग घे पायजे तर."

त्यांनी खणातून भिंग काढून दिलं. ते कंपनीच्या तपकिरी कागदात होतं, वर सुतळी. गाठ मी ओळखली. आबा तशी मारायचे. ती किती वर्षं सुटली नव्हती ते कागदाच्या घडीवरून कळत होतं. तरी मी पुढचा विचार केला नाही.

दीड तासाने बाहेरून आलेले परीक्षक विजयसिंह सर तिचा कागद हातात घेऊन माझ्याकडे आले. शांत माणूस, आवाज चढवायचा नाही.

"मॅडम, हिचं पाच हजार सहाशे आलंय. तुमच्याकडं दोन दिवसांत चौघांनी हा प्रयोग केला, चौघांचं पाच हजार आठशे ऐंशी. डी एक पॉइंट सहा शून्य काढलाय हिनं."

आम्ही आत गेलो. चौथ्या माणसाला जागा नव्हती, हंबीरराव पडदा धरून दारात उभे राहिले. पिवळ्या उजेडात निशिगंधाचा चेहरा राखेसारखा दिसत होता आणि नखांतला गुलाल काळा.

"बाळ, डी चुकलाय तुझा," सर म्हणाले. "भिंग हललं असणार. कार्डावरचा घे, पुन्हा गणित कर. दहा मिनिटं देतो."

"तीनदा मोजलाय, सर. एका जागी तीन पॉइंट दोन, दुसऱ्या जागी शून्य पॉइंट आठ. गुणाकाराचं वर्गमूळ एक पॉइंट सहाच येतंय की."

"मग कार्ड खोटं आहे का?"

"मी कुठं म्हटलं? कार्डावरचं कुणी मोजलंय तेवढं सांगा, मी लिहिते."

"केरबाण्णांनी मोजलंय," दारातून हंबीरराव म्हणाले. "तुझ्या जन्माआधीपास्नं मोजत हुते ते. लिव्ह गप."

तिने माझ्याकडे पाहिलं. केरबाण्णा म्हणजे माझे आबा, हे तिला माहीत नसावं. मी आयपीसला डोळा लावला. पट्टे सरळ होते, स्वच्छ होते. पट्ट्याची रुंदी तपासली, पस्तीस शतांश मिलिमीटर, बरोबर. मग तिच्या भिंगाच्या दोन्ही जागा तपासल्या. तीन पॉइंट दोन. शून्य पॉइंट आठ.

तिचं काहीही चुकलं नव्हतं, आणि उत्तर चूक होतं. उरलं तिसरं अंतर. बेंचवरची पट्टी शंभर सेंटिमीटर दाखवत होती. पण पट्टी स्टँडच्या पायावरची खूण वाचते. आयपीसची तार त्या खुणेच्या बरोबर वर आहे असं आपण धरून चालतो. मी स्टँडवर हात फिरवला. आयपीसचा दांडा पायाच्या मध्यावर नव्हता, फटीच्या बाजूला, पुढच्या कडेला बसवलेला होता.

"हंबीरराव, हा स्टँड या बेंचचा आहे का?"

"न्हाय. ह्याचा पाय मोडला हुता. दुसऱ्या बेंचचा आणून बसिवलाय."

"कधी?"

"तुमच्या वर्साला, मॅडम. तुमची परीक्षा तोंडावर आलेली. नवा मागवला तर आला नसता वेळेत."

भिंतीवरून मी कार्ड काढलं. अंधारात त्यात काही दिसत नव्हतं. पिवळ्या उजेडात सगळा कागद एकसारखा पिवळा. पडदा सारून व्हरांड्यात आले, मागोमाग बाकीचेही आले. उन्हात क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा निशिगंधाची नखं पुन्हा गुलाबी होती आणि माझ्या हातातल्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या कार्डावर शेवटच्या आकड्याखाली पांढऱ्या शाईचा डाग होता. नखाने खरवडला. आठाखाली शून्य होतं. एक पॉइंट सहा शून्य.

म्हणजे आबांनी मोजलं होतं. नीट मोजलं होतं. मग स्टँड बदलला, उत्तर पाच हजार सहाशे येऊ लागलं, आणि त्यांनी खोट डीमध्ये घातली. नवा स्टँड आल्यावर पुन्हा खरवडू असं त्यांनी ठरवलं असेल. नवा स्टँड आला नाही. त्या वर्षी चिठ्ठीत मला बायप्रिझमच आला होता. पाच हजार आठशे ऐंशी लिहून मी पूर्ण गुण घेतले होते. त्यांनी आकडा माझ्यासाठी बदलला की सगळ्या वर्गासाठी, हे आता विचारायला कुणी नाही.

"मॅडम," विजयसिंह सर म्हणाले, "मला कागदावर गुण टाकायचेत. आयपीस चुकीचा बसलाय असं तुम्ही सिद्ध केलंत तर हिला गुण देतो. पण मग कार्डावरचा आकडा कुणी बदलला ते अहवालात लिहावं लागेल. नाही तर हिनं कार्डावरचा डी घ्यावा. कुणाचंच काही बिघडत नाही."

कुणाचंच काही बिघडत नव्हतं, हे खरंच होतं. निशिगंधा पास झाली असती. हंबीरराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी टांगून टाकतो कार्ड परत, द्या हिकडं." त्यांचा पुढे आलेला हात तसाच राहिला. कार्ड द्यायला माझाही हात वर आला होता.

"मी खोटं लिवणार न्हाय," निशिगंधा म्हणाली. मग घाबरून, "म्हणजे, मला दहा मिनिटांत दुसरं जमणार नाही, सर."

मी हात खाली घेतला. "हंबीरराव, एखादी सरळ काडी आहे का? छत्रीची चालेल."

त्यांनी कोपऱ्यातल्या मोडक्या छत्रीची काडी उपसून दिली. मीटरपट्टीवर मोजून बरोबर पन्नास सेंटिमीटरवर तोडली. आत जाऊन निशिगंधाला म्हटलं, "तूच कर. मी हात लावणार नाही." तिने बायप्रिझम आणि भिंग उचलून बाजूला ठेवलं, काडीचं एक टोक फटीला टेकवलं आणि दुसरं टोक आयपीसमध्ये स्पष्ट दिसेपर्यंत स्टँड हळूहळू सरकवत आणला. पट्टी वाचली.

"पंचावन्न."

काडी पन्नास, पट्टी पंचावन्न. पाच सेंटिमीटर जास्त दाखवत होती. म्हणजे शंभर नव्हतं, पंच्याण्णव होतं. तिने उकिडवं बसून मांडीवर भागाकार केला. पाच हजार आठशे पंच्याण्णव. कार्डापेक्षा जवळचं.

विजयसिंह सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि गुण टाकले. किती ते मी पाहिलं नाही. निशिगंधाने पाहिलं. ती बाहेर पळाली आणि व्हरांड्यात फोनवर कुणाला तरी ओरडून सांगू लागली, "आई, झालं! व्हय, सुटले! दुकान दादाला दे म्हणावं!"

अहवालाचा छापील कागद माझ्यापुढे आला. बाकी चौघांचे गुण आहेत तसे ठेवावेत, दोष प्रयोगशाळेचा, असं सरांनी आधीच लिहिलं होतं. खाली, आकडा कुणी बदलला ते लिहायची ओळ मोकळी होती.

"तुम्ही चार वर्षं विभागप्रमुख आहात," ते हळू आवाजात म्हणाले. "नुसतं तुमचं नाव टाकलंत तरी चालेल. मी अडवणार नाही."

माझं नाव टाकणं सोपं होतं. चांगलंही दिसलं असतं. पण आकडा मी बदलला नव्हता, मी फक्त कधी मोजला नव्हता. दोन्ही लिहिलं. 'डी १.६० असा मोजला व नंतर १.६८ केला : केरबा दत्तू पाटील, प्रयोगशाळा सहाय्यक, निवृत्त.' निवृत्तनंतर एक शब्द लिहायचा होता : मयत. तीन महिन्यांत मी तो कुठल्याच कागदावर स्वतःच्या हाताने लिहिला नव्हता. बँकेच्या अर्जावरसुद्धा भावाकडून लिहून घेतला होता. लिहिला. खाली, 'चार वर्षांत पडताळणी केली नाही : तेजस्वी केरबा पाटील.' सही केली.

हंबीररावांनी कागद वाचला. "केरबाण्णांचं नाव कशाला घातलंस, तेजू?" लोकांसमोर ते मला मॅडम म्हणतात.

"पहिलं मोजमाप त्यांचंच होतं, काका. तेही लिहिलंय."

ते पटल्यासारखे वाटले नाहीत. काडी उचलून परत छत्रीत खोचू लागले, ती आता बसत नव्हती.

दुपारची तुकडी आली. पहिल्याच मुलाला चिठ्ठीत बायप्रिझम. आत जाऊन त्याने भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं.

"मॅडम, डीचं कार्ड?"

"मोजायचा."

"किती वेळ लागंल?"

"अर्धा तास. मी थांबते."

त्याच्यामागून मी आत गेले आणि पडदा ओढून घेतला.